कॅलेंडर स्प्रेडचा आलेख नफा दाखवत होता, खात्यात तोटा आला: दोष साधनाचा की वापरणाऱ्याचा?

आगाशी
एका मोठ्या घोषणेच्या आठवडाभर आधी निफ्टीत कॅलेंडर स्प्रेड घेतला. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल करून देतो. निर्देशांक 24,000. सात दिवसांनी संपणारा 24,000 चा कॉल 292 ला विकला, तेव्हा त्याची आयव्ही 22 टक्के होती. पस्तीस दिवसांनी संपणारा त्याच स्ट्राइकचा कॉल 504 ला घेतला, त्याची आयव्ही 17 टक्के होती. म्हणजे खिशातून 212 अंक गेले. जवळच्या एक्स्पायरीला 24,400 वर बंद झाल्यास सुमारे 69 अंकांचा नफा होईल, असे स्ट्रॅटेजी बिल्डर दाखवत होता. बाजार बरोबर तिथेच बंद झाला आणि मला 28 अंकांचा तोटा झाला. अशा आलेखावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

तळटीप
साधनाला दोष देण्याआधी त्याने काय गृहीत धरले होते ते पाहावे. जवळपास प्रत्येक बिल्डर प्रत्येक लेगची आजची आयव्ही घेतो आणि पुढची तारीख निवडली तरी तीच कायम ठेवतो. तुमच्या दूरच्या कॉलची आयव्ही घोषणेनंतर 13 टक्क्यांवर आली असेल, तर तुमचा तोटा जुळतो. आलेखाच्या शेजारी आयव्ही कमीजास्त करण्याची पट्टी असते. ती हलवून न पाहता सौदा केला, तर तो निष्काळजीपणा आपला.

कोकणकडा
मी तर एक्स्पायरीची रेषाच पाहतो, मधल्या तारखेच्या वक्राकडे ढुंकूनही बघत नाही. एक्स्पायरीला आयव्हीचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे ती रेषा खोटी ठरू शकत नाही.

गणोबा
कोकणकडा, सगळे लेग एकाच दिवशी संपत असतील तर तुमचे म्हणणे बरोबर आहे. आयर्न कॉन्डॉरची एक्स्पायरीची रेषा ही निव्वळ वजाबाकी असते. कॅलेंडरमध्ये मात्र ज्याला आपण ‘एक्स्पायरीची रेषा’ म्हणतो ती जवळच्या लेगच्या एक्स्पायरीची असते. त्या दिवशी दूरच्या कॉलला अजून 28 दिवस शिल्लक असतात आणि त्याची किंमत पूर्णपणे अंदाजावर उभी असते. जाड, ठळक रंगात काढलेली ती रेषा दिसते ठाम, पण ती मधल्या तारखेच्या वक्राइतकीच गृहीतकावर टेकलेली आहे.

आगाशी, तुमचेच आकडे मी मांडून पाहिले (व्याज शून्य धरले आहे). 24,400 वर जवळचा कॉल 400 चा होतो आणि दूरच्या कॉलमधले 400 त्यात वळते होतात, म्हणून आपल्या हाती फक्त दूरच्या कॉलचे वेळमूल्य उरते. आयव्ही 17 राहिली तर ते सुमारे 281 आणि 13 झाली तर 184. त्यातून 212 वजा करा. अधिक 69 आणि उणे 28 हे दोन्ही आकडे तिथून येतात. त्याहून बोलका फरक ब्रेकइव्हनचा आहे: 17 टक्क्यांवर वरची मर्यादा 24,600 च्या थोडी पुढे पडते, 13 टक्क्यांवर ती 24,300 च्या आसपास येते. ज्या पट्ट्यात आपण सुरक्षित आहोत असे वाटत होते, त्याची वरची बाजू निम्मी झाली.

सांजवात
हे माझ्यासोबत जून 2024 मध्ये घडले आहे. 4 जूनला, निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला आणि इंडिया व्हिक्स 26 च्या वर गेला. बाजार बंद होताना मी महिनाअखेरचे वरच्या स्ट्राइकचे कॉल घेतले. दुसऱ्या दिवशी निफ्टी सातशेहून अधिक अंकांनी वर आला, म्हणजे अंदाज बरोबर होता, पण व्हिक्स एका दिवसात 19 च्या आसपास उतरला आणि मला आलेखातल्या नफ्याच्या निम्म्याहूनही कमी मिळाले. तेव्हापासून घटनेच्या तोंडावर ऑप्शन विकतच घेऊ नयेत, असे माझे मत झाले आहे.

गणोबा
सांजवात, तुमचा अनुभव याच दोषाचा आहे, पण निष्कर्ष इथे लागू पडत नाही. आगाशींनी महागडा जवळचा कॉल विकलाच होता. त्यांना फटका बसला तो खरेदी केलेल्या दूरच्या लेगचा.

तळटीप
म्हणजे पुन्हा माझ्याच मुद्द्यावर आलो. पट्टी चार टक्के खाली ओढली असती तर चित्र दिसलेच असते.

गणोबा
पट्टीबद्दल मला तेवढी खात्री नाही. बऱ्याच साधनांत ती दोन्ही लेगना एकाच मापाने हलवते, प्रत्यक्षात मात्र घटना उरकली की जवळची आयव्ही दूरच्या आयव्हीपेक्षा कितीतरी जास्त कोसळते. त्यामुळे मधल्या तारखेचा वक्र पट्टी हलवूनही चुकतो. जवळच्या एक्स्पायरीच्या दिवशी तेवढी अडचण नसते, कारण तेव्हा दूरचाच लेग जिवंत असतो. तो दिवस पाहायचा असेल, तर दूरच्या आयव्हीचा अंदाज सौदा घेतानाच, बाजारातल्याच भावांवरून काढता येतो:

```
(0.17² × 35 − 0.22² × 7) / 28 = 0.0240
√0.0240 = 0.155
```

पस्तीस दिवसांच्या एकूण चढउतारातून पहिल्या सात दिवसांचा, म्हणजे घोषणा पोटात असलेला, वाटा काढून टाकला की उरलेल्या 28 दिवसांसाठी बाजार 15.5 टक्के धरून चालला आहे असे निघते. 24,000 लाच बंद झाले तरी बिल्डर 239 अंक दाखवेल, 15.5 वर मात्र 199 च येतात. म्हणून मला साधन निर्दोष वाटत नाही: त्याने धरलेले 17 टक्के त्याच पडद्यावरच्या दुसऱ्या किमतीशी विसंगत होते. पट्टी ओढण्याआधीच आलेख चुकलेला होता.

तळटीप
हे मान्य आहे, पण 15.5 सुद्धा भविष्य नव्हे. शेवटी 13 च झाले ना? घोषणा उलटी लागती तर 19 ही झाले असते. बिल्डरने 15.5 वर वक्र काढला असता, तरी लोकांनी त्यालाही तितकेच खरे मानले असते.

गणोबा
म्हणूनच एका रेषेऐवजी पट्टा काढावा, असे माझे म्हणणे आहे. आणखी एक गोष्ट आगाशींच्या विरुद्ध गेली. निर्देशांक वर चढतो तेव्हा आयव्ही बहुधा उतरते आणि पडतो तेव्हा चढते. दोन्ही बाजूंना एकच आयव्ही धरणाऱ्या आलेखात कॅलेंडरची उजवी बाजू असते त्यापेक्षा बरी दिसते आणि डावी असते त्यापेक्षा वाईट. तुम्ही नेमके उजवीकडे अडकलात.

कोकणकडा
पट्टा काढला तर नवखा माणूस गोंधळेल. त्याला एक आकडा हवा असतो.

आगाशी
त्याच एका आकड्याने मी फसलो. आज दुसऱ्या सौद्यावर एक साधी चाचणी केली: टार्गेट डेट आजचीच ठेवली. सौदा नुकताच भरला आहे, तेव्हा सध्याच्या भावावर वक्र शून्यातून जायला हवा, पण तो उणे 18 दाखवत आहे. आयव्ही तर अजून हललेलीही नाही. मग हे कुठून आले?

गणोबा
दूरच्या लेगचा शेवटचा सौदा किती वाजता झाला ते पाहा. दूरच्या महिन्यात उलाढाल कमी असते, आणि जुन्या भावावरून आयव्ही काढली की ती आजच्या निर्देशांकाशी जुळत नाही. खरेदी-विक्रीच्या बोलींचा मध्य घालून पुन्हा काढून बघा. तरीही फरक राहिला, तर साधन स्पॉट धरते की फ्युचर, ही शंका घ्यावी लागेल.

आगाशी
शेवटचा सौदा सकाळी 11 वाजून 40 मिनिटांचा आहे, आता अडीच वाजलेत. मध्य घातल्यावर उणे 5 वर आले. उरलेले 5 कुठले, ते अजून कळले नाही.