मदत हवी आहे: खात्यात 48,500 आले आणि सात मिनिटांत गेले, पण मेसेजचा हिशेब लागत नाही

घडीची_पोळी:
काल संध्याकाळी मोबाईलवर बँकेचे दोन मेसेज आले. ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने देते (खात्याचे आकडे बदललेत):

```
A/c XX4417 debited 48,500.00 on 05-Mar 18:49. RVSL/N0619. Avl Bal 10,190.50
A/c XX4417 credited 48,500.00 on 05-Mar 18:42. Ref N0619. Avl Bal 60,840.50
```

पहिला वाचून पोटात गोळाच आला, कारण खात्यात मुळात 12,340.50 होते. त्यातून 48,500 जातील कसे? दोन मिनिटांनी दुसरा आला तेव्हा वाटलं, चला, पैसे परत आले, वर खात्यात साठ हजार दिसतायत. पण अ‍ॅप उघडलं तर शिल्लक 10,190.50. म्हणजे साठ हजार तर नाहीतच, उलट माझेच 2,150 कमी! मी कुणाला काही पाठवलेलं नाही, ओटीपी आलेला नाही, कुठल्या लिंकवर गेले नाही. खातं हॅक झालंय का? कार्ड आत्ताच बंद करू का?

बंड्या७:
अहो, यात घाबरण्यासारखं काय आहे? तुमचं पेमेंट फेल झालं असणार. माझं आठवड्यातून एकदा होतं. पैसे कापले जातात आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतात. गप्प बसा.

घडीची_पोळी:
पण मी पेमेंट केलंच नव्हतं हो.

खतावणी:
बंड्या, तुम्ही सांगताय ते वेगळं प्रकरण आहे. आपलं पेमेंट फसतं तेव्हा आधी पैसे जातात, मग येतात. इथे आधी आलेत, मग गेलेत. मेसेज उलटे पोचले म्हणून तसं भासतंय. मी बँकेत बरीच वर्षं मागच्या बाजूला, नोंदी जुळवण्याच्या टेबलावर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेसेज पोचल्याची वेळ विसरा, मेसेजच्या आत छापलेली वेळ बघा. जमा 18:42 ची, नावे 18:49 ची. मेसेज रांगेत अडकतात आणि मागचा पुढे येतो, हे नेहमीचं आहे. शेवटी आलेल्या मेसेजमधली शिल्लक म्हणजे आत्ताची शिल्लक असं धरलं की गोंधळ झालाच. तुमचे 60,840.50 हे 18:42 चं चित्र आहे. पुढच्या सात मिनिटांत ते शिळं झालं.

आता जोडी लावू. रक्कम पै न पै तीच. जमेच्या मेसेजमध्ये N0619, आणि नावेच्या मेसेजमध्येही तोच क्रमांक, त्याच्या आधी RVSL, म्हणजे रिव्हर्सल. बँकेने नवीन व्यवहार केलेला नाही, जुनी नोंद उलटवली आहे. चोराने पैसे काढले असते तर तुमच्या जमेचा क्रमांक त्या नोंदीवर आला नसता. तिथे एखाद्या खात्याचं किंवा दुकानाचं नाव असतं, नाहीतर कार्डाचे शेवटचे चार आकडे.

उरले 2,150. जमेनंतर 60,840.50 होते. त्यातून 48,500 वजा केले की 12,340.50 यायला हवेत, आलेत 10,190.50. म्हणजे 18:42 ते 18:49 या सात मिनिटांत 2,150 ची तिसरी नोंद पडली आहे आणि तिचा मेसेज तुम्हाला आलेला नाही, किंवा दुसरीकडे गेलाय. ठरावीक तारखेला आपोआप कापलं जाणारं काही आहे का? अ‍ॅपमध्ये मेसेज बघू नका, व्यवहारांची यादी बघा.

निळी_छत्री:
रक्कम सारखी असली की झालं, एवढं खोलात कशाला जायचं? मी तर तेवढंच बघते.

खतावणी:
बहुतेक वेळा चालून जातं. पण पाच हजार, दहा हजार अशा गोल रकमांमध्ये फसायला होतं. सकाळी कुणाकडून 10,000 येतात, दुपारी आपणच कुणाला 10,000 पाठवतो. रक्कम सारखी, पण ती जोडी नव्हे. म्हणून क्रमांक बघायचा. काही बँका मेसेजमध्ये क्रमांक देतच नाहीत, तिथे स्टेटमेंटमधला तपशील उघडावा लागतो.

घडीची_पोळी:
सापडलं! यादीत 18:45 ला 2,150, विम्याचा हप्ता. दर महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि त्याची सूचना ईमेलवर येते, हे मी साफ विसरले होते. जीव भांड्यात पडला. पण हे 48,500 आले कुठून? आणि मला न विचारता बँक काढून कशी घेते?

बंड्या७:
न विचारता काढताच येत नाहीत! तक्रार ठोका.

खतावणी:
अर्धं बरोबर. समोरच्या माणसाने स्वतःच चुकीचा खाते क्रमांक टाकला असेल, तर ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची संमती सहसा लागते आणि प्रकरण दिवसेंदिवस लोंबकळतं. पण चूक बँकेचीच असेल, म्हणजे एखादी फाईल दोनदा चढली किंवा नोंद भलत्याच खात्यावर पडली, तर बँक स्वतःची नोंद दुरुस्त करते. सात मिनिटांत उलटली, यावरूनच मला हे दुसऱ्या प्रकारचं वाटतं. ग्राहकाने फोन करून इतक्या लवकर काही होत नाही. नेमकं काय घडलं ते मात्र तुमची शाखाच सांगेल, आणि पाठवणाऱ्याचं नाव बहुधा सांगणार नाहीच.

रात्रपाळी:
माझ्या बाबतीत ती सात मिनिटं महागात पडली. खात्यात जेमतेम 3,000 होते, हप्ता 9,000 चा. एरवी तो परत गेला असता. पण नेमकी तेव्हाच चुकीची जमा पडली होती, त्यातून हप्ता पास झाला, आणि मग जमा उलटली. खातं उणे 6,000! वर त्या उणे रकमेवर व्याज लावलं. तीन खेपा घातल्यावर व्याज मागे घेतलं.

खतावणी:
हेच बघायला हवं होतं. घडीची_पोळी, तुमच्या खात्यात हप्त्यापुरते स्वतःचे पैसे होते, म्हणून निभावलं. स्टेटमेंटमध्ये दोन्ही नोंदींची व्हॅल्यू डेट, म्हणजे व्याजासाठी धरली जाणारी तारीख, एकच आहे ना, तेवढं बघून घ्या. तशी असेल तर व्याजाच्या हिशेबात फरक पडत नाही.

निळी_छत्री:
आणि आता कुणाचा फोन आला, 'ताई, चुकून पैसे आलेत, परत पाठवा', तर?

खतावणी:
पाठवायचे नाहीत. ते आधीच गेलेत, पुन्हा पाठवले तर स्वतःचे जातील. असे फोन करणारे आधी जमेचा खोटा मेसेज धाडतात. तो बहुतेकदा साध्या मोबाईल नंबरवरून येतो आणि अ‍ॅपच्या यादीत ती जमा कुठेच नसते. खऱ्या रिव्हर्सलमध्ये तुमच्याकडून कुणी काही मागत नाही.

घडीची_पोळी:
व्हॅल्यू डेट दोन्हीकडे 5 मार्चच आहे. कार्ड चालू ठेवलंय. पण एक चमत्कारिक दिसतंय. स्टेटमेंटमध्ये रिव्हर्सल नावेच्या रकान्यात नाही, जमेच्याच रकान्यात `-48,500.00` असं आहे. हे बरोबर आहे?

खतावणी:
काही बँकांची प्रणाली तसं दाखवते. त्याने जमेची एकूण बेरीज फुगत नाही, म्हणून मला तरी तीच पद्धत बरी वाटते.

रात्रपाळी:
माझ्या बँकेने नावेच्या रकान्यात दाखवलं होतं. कर्जाच्या वेळी तिथल्या साहेबांनी ती जमा कशाची म्हणून विचारलं, आणि मला जोडी दाखवत बसावं लागलं. शाखेकडून लेखी काही घेऊन ठेवता येतं का?

घडीची_पोळी:
सोमवारी शाखेत जाणारच आहे, दिलं तर इथे लिहिते.