मदत हवी आहे: म्हैस गाभडली, घरात वहिनी गरोदर

वाळवा तालुक्यातून लिहितोय. आमची म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. जनावरांच्या डॉक्टरांना ब्रुसेलाची, म्हणजे जनावरांतून माणसालाही होणाऱ्या जंतूंच्या रोगाची शंका आहे. रक्ताचा नमुना गेलाय, रिपोर्ट यायचाय. ते म्हणाले, जंतू सगळ्यात जास्त वार आणि गर्भाच्या पाण्यात असतात, दुधातूनही येतात. वार भावानं उघड्या हातानं उचलून चुना टाकून खोल पुरली. हाताला वैरण कापताना झालेली चीर होती, तीच काळजी आहे. त्याला अजून ताप नाही, पण लक्षणं कधी कधी महिन्या-दोन महिन्यांनीही दिसतात म्हणे.

वहिनीला पाचवा महिना आहे. त्याच दिवशी तिनं तो गोठा झाडला होता. आता तिला गोठा बंद केलाय, म्हैस वेगळी बांधलीय. पोरांचं धारोष्ण दूधही बंद, पूर्ण उकळी आल्याशिवाय कुणालाच द्यायचं नाही. आजी कुरकुर करतेय, करू दे.

विचारायचं हे: वहिनीची रक्ततपासणी लगेच करावी की थोडं थांबून, आणि पहिली निगेटिव्ह आली तर पुन्हा करावी का? म्हशीचा स्राव किती दिवस धोक्याचा धरायचा? सांगली-मिरजेत ही तपासणी कुठे होते?