ठेकेदाराच्या कामगाराचा कारखान्यात मृत्यू : भरपाई कोणी द्यायची? (मदत हवी आहे)

दिघेकर_धाकटा : माझे दाजी रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पत्रे बदलण्याच्या कामावर होते. मे 2025 मध्ये छपरावरचा जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला आणि ते थेट खाली पडले. रुग्णालयात नेण्यापूर्वीच सर्व संपले होते. वय 35 पूर्ण, रोज 700 रुपये, हजेरी मुकादमाच्या वहीत आणि पगार रोखीने. मागे ताई, दोन लहान मुले आणि दाजींची विधवा आई आहे. दाजींनी पट्टा अडकवला नव्हता असे ठेकेदार सांगतो आणि 3 लाख रुपये रोख देऊन ‘यापुढे कसलाही दावा नाही’ असे स्टॅम्प पेपरवर ताईची सही मागतो. कारखान्याचे व्यवस्थापक म्हणतात की माणूस त्यांचा नव्हताच. ताईने सही करावी का, आणि पैसे खरोखर कोणी द्यायचे?

ऐरोली_सेक्टर : पट्टा असूनही लावला नसेल तर कायद्याने भरपाई नाकारता येते, हे मी एका प्रकरणात पाहिले आहे. त्यामुळे मिळत आहेत ते पैसे घ्यावेत, असे मला वाटते.

जुना_कारकून : मी कामगार न्यायालयात अनेक वर्षे काम केले आहे. ऐरोलीकर, तुम्ही म्हणता तो अपवाद कायद्यात आहे, परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तो लागूच होत नाही. तेव्हा पट्ट्याच्या मुद्द्यावर घाबरू नये.

सहीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ताईंनी ती करू नये. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानुसार मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते, आणि आपल्याकडे हे काम कामगार न्यायालय पाहते. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी देता येते व ती पुढे वळती होते. हक्क सोडून देण्याचा करारही त्या मर्यादेत निरर्थक ठरतो, पण सही केलेला कागद प्रकरण वर्षभर लांबवायला पुरतो.

आता रक्कम. रोज 700 प्रमाणे 26 दिवसांचे 18,200 होतात, तरी हिशेबासाठी 15,000 हीच कमाल धरली जाते. तिचे निम्मे 7,500, आणि 35 वर्षांसाठी तक्त्यातील गुणक 197.06 आहे, म्हणजे 14,77,950 रुपये. अपघातानंतर महिन्याभरात ते जमा झाले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज लागते, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही. 3 लाखांचा प्रस्ताव या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

वागळे_इस्टेट_प्रेस : माझी दोन बोटे प्रेसमध्ये गेली. ईएसआयकडून मला दरमहा रक्कम मिळते. तर मी कंपनीकडूनही ही भरपाई मागू शकतो का?

जुना_कारकून : नाही. ईएसआयचा लाभ मिळत असेल तर त्याच इजेसाठी या कायद्याखाली मालकाकडे मागता येत नाही. मात्र तुमच्या प्रश्नावरून मूळ धाग्यातील एक गोष्ट तपासलीच पाहिजे. दाजींचे वेतन 21,000 च्या आत होते आणि कारखाना ईएसआयखाली असेल, तर नोंद केली नव्हती एवढ्यानेच वारसांचा दावा बुडत नाही. तिथला लाभ दरमहाचा असतो. ईएसआयच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण कोणता रस्ता खुला आहे हे त्यावर ठरेल.

दिघेकर_धाकटा : ते लेखी विचारतो. पण ठेकेदाराकडे भाड्याची खोली सोडून काही नाही. न्यायालयाने आदेश दिला तरी वसूल कशातून होणार?

जुना_कारकून : म्हणूनच अर्जात ठेकेदार आणि कारखाना दोघांनाही प्रतिवादी करावे. ठेकेदाराच्या माणसाला भरपाई देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावरही येते, आणि तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. अट एवढीच की ते काम त्याच्या धंद्याचा नेहमीचा भाग असावे. कारखान्याचा वकील म्हणेल की आम्ही माल बनवतो, छपरे बांधत नाही. त्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पत्र्यांची दुरुस्ती होत असे, असे दाखवता आले तर बळ येते. निकाल कसा लागेल हे मात्र मी सांगू शकत नाही.

ऐरोली_सेक्टर : अपवाद मृत्यूला लागू नाही हे मला ठाऊक नव्हते. पण नवीन कामगार संहिता आल्या, त्यांचे काय?

जुना_कारकून : त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी निर्माण होतो, त्यामुळे माझ्या मते येथे जुना कायदाच लागेल; वकिलांकडून तेवढे पक्के करून घ्यावे. मुदत दोन वर्षांची आहे. ताई गावी राहायला गेल्या असतील तर तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो.

दिघेकर_धाकटा : त्या जालना जिल्ह्यात आहेत. पंचनाम्याची प्रत मिळाली आहे, त्यात कारखान्याचे नाव आहे. दाजींचा गेट पासही घरी सापडला. मुकादमाची वही मात्र ठेकेदाराने नेली आहे. तिच्याविना पगार कसा सिद्ध करायचा?

जुना_कारकून : त्या छपरावर सोबत असलेल्या दोन कामगारांची नावे आजच लिहून ठेवा. रोज किती मिळत होते हे त्यांची साक्ष सांगेल, आणि ते गावी परतले तर शोधणे कठीण जाईल.