अनुभव धागा: दाढ काढल्यानंतरचा ड्राय सॉकेट

सुगंधा_क: बहिणीची खालची अक्कलदाढ काढली. पहिले दोन दिवस दुखणं उतरत होतं आणि तिसऱ्या रात्री एकदम कानशिलापर्यंत ठणका सुरू झाला. डॉक्टरांनी ड्राय सॉकेट म्हणून सांगितलं. तुम्हाला झालं असेल तर कसं कळलं, काय केलं, लिहा.

विनायकराव: मलाही असंच झालं होतं. तोंडाला घाण चव आणि वास. टॉर्च लावून पाहिलं तर खड्ड्यात रक्ताची काळपट गाठ नाही, पांढुरकं हाड दिसत होतं. गोळीने तासभर उतार, की पुन्हा कळ. डॉक्टरांनी खड्डा सलाइनने धुऊन लवंगेच्या वासाची औषधी पट्टी भरली. त्या खुर्चीतच बरं वाटायला लागलं. दोनदा पट्टी बदलली.

प्रिया७: म्हणजे इन्फेक्शनच ना? मग अँटिबायोटिकचा कोर्स वाढवून घ्यावा.

दंतवैद्य_ताई: प्रिया, जखम दुखते म्हणून तसं वाटतं, पण ही पू झालेली जखम नाही. हाड झाकणारी गाठ वेळेआधीच विरघळते किंवा निघून जाते आणि उघडं हाड ठणकतं. त्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने ठणका थांबत नाही. ताप, वाढती सूज, पू किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागतो, लगेच दाखवा.
विनायकराव, तुम्हाला भरली ती पट्टी लवंगेतल्या युजेनॉलची. ती दुखणं दाबते, उघडं हाड झाकण्याचं काम शरीरच करतं, साधारण आठवडा-दहा दिवसांत. घरी लवंग तेलाचा बोळा खड्ड्यात कोंबू नका, हिरडी भाजते.

गणेश_सातारा: माझ्या दाताला थंड पाण्याने कळ येते. हाच का तो?

दंतवैद्य_ताई: दात जागेवर आहे ना? मग हा नव्हे. कीड किंवा झिजलेली हिरडी असू शकते, तपासून घ्या.

रेखा_म: आमच्या सासूबाई मिश्री लावतात. दाढ काढल्यावर दुसऱ्याच दिवशी लावली आणि पुढे हेच झालं. डॉक्टर म्हणाले, तंबाखूने धोका वाढतो.

दंतवैद्य_ताई: वाढतो, विडी-सिगारेटने तर नक्कीच. खालची अक्कलदाढ, फोडून काढावी लागलेली दाढ, आधी कधी ड्राय सॉकेट झालेला असणं, गर्भनिरोधक गोळ्या, यांनीही. म्हणून दाढ काढण्याआधी या गोष्टी डॉक्टरांना सांगा.

सुगंधा_क: बहीण त्या गोळ्या घेते! दुसऱ्या बाजूचीही दाढ काढायची आहे. गोळ्या थांबवाव्यात का?

दंतवैद्य_ताई: स्वतःहून थांबवू नका. काहीजण गोळ्यांच्या चक्रातले रिकामे दिवस पाहून दाढ काढतात, काहींना त्याने फारसा फरक पडतो असं वाटत नाही. धोका कमी करायला क्लोरहेक्सिडिनचं जंतुनाशक जेल खड्ड्यात भरण्याबद्दल मात्र आधी विचारा.

विनायकराव: स्ट्रॉने पिऊ नये म्हणतात, ते खरं?

दंतवैद्य_ताई: ओढण्याने गाठ निघते असं आम्ही सांगतो, पुरावा तितका पक्का नाही. पहिल्या दिवशी जोराने चुळाही भरू नका, हे जास्त पाळा.