अनुभव धागा: अपघातात जप्त झालेली गाडी ठाण्यातून सोडवताना

अपघाताच्या गुन्ह्यात जप्त झालेली दुचाकी किंवा ट्रॅक्टर परत मिळवण्याचा अर्ज, एवढाच विषय. नेमका कागद कुठे अडतो, ते लिहा.

तालुका कोर्टातला
गुन्हा दाखल असेल तर नुसता ठाणेदार साहेबांना अर्ज देऊन बहुधा भागत नाही. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. 1 जुलै 2024 पासून त्याला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 503 लागतं, गाडी कोर्टापुढे हजर झाली असेल तर 497. जुने नमुने 457 आणि 451 चे आहेत, ते बदलून घ्या. कोर्ट तपास अधिकाऱ्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. आरटीओची तपासणी झालेली नसेल तर सेमध्ये हरकत येतेच, म्हणून आधी ठाण्यात त्याचीच चौकशी करा.

सावली रोड
विमा संपला असला तर गाडी सुटतच नाही. आता नवीन काढून लावा.

तालुका कोर्टातला
भाऊ, अपघाताच्या दिवशी, त्या वेळेला पॉलिसी चालू होती का, एवढंच पाहतात. नंतर काढलेली पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही. विमा नसला तर जखमीच्या भरपाईपोटी कोर्ट मालकाकडून तारण मागतं. वाट अवघड होते, बंद होत नाही.

मोटार मिस्त्री, वरोरा
सगळ्यात जास्त अडतं ते नाव. समजा, गाडी विकत घेतली, पैसे दिले, पण आरसी जुन्या मालकाच्याच नावावर. तेव्हा अर्ज त्यालाच करायला लावा, किंवा गाडी आपल्याकडे द्यायला हरकत नाही असं त्याचं शपथपत्र जोडा. नोटरीची विक्रीचिठ्ठी एकटी कमी पडते. फायनान्स असेल तर कंपनीची ना-हरकतही मागतात. आणि जप्ती पंचनाम्यातला चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. गंजलेल्या चेसिसवर 8 चा 3 वाचला जातो, मग गाडी हीच का, इथून वाद सुरू होतो.

धानवाला
माझा ट्रॅक्टर रेतीत धरला, तहसीलमध्ये उभा आहे. हाच अर्ज चालेल का?

तालुका कोर्टातला
नाही. तो महसूल खात्याने धरला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली दंड आणि बंधपत्राचा मामला आहे, आधी तहसीलमध्येच जा. चोरीचा गुन्हाही नोंदवला असेल तर कोर्टाचा अर्ज वेगळा.

सावली रोड
ट्रॉलीचं काय? गावात निम्म्या ट्रॉल्यांची पासिंगच नाही.

मोटार मिस्त्री, वरोरा
ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे कागद वेगळे, म्हणून अर्जातही दोन्ही वेगळे लिहा. बनवणाऱ्याचं पक्कं बिल असलं तर मालकी दाखवता येते.

तालुका कोर्टातला
बिलावर ट्रॉली द्यायची का, यावर सरकारी वकील अडून बसतात. ट्रॅक्टरचा आदेश त्यासाठी लटकू देऊ नका. आदेश झाला की सुपुर्दनामा: गाडी विकणार नाही, रंग-रूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन. ताबा घेताना फोटो आणि पंचनामा झाल्याशिवाय सही करू नका. ठाण्यात उभ्या गाडीची बॅटरी गेलेली असेल तर ते पंचनाम्यातच लिहून घ्या.