मदत हवी आहे: बहीण बी पॉझिटिव्ह, बॅग बी पॉझिटिव्ह, तरी रक्त मॅच होऊन नाही राहिलं

मोहफूल · सोमवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, लहान बहीण दवाखान्यात हाय, वय १९, सिकलसेल एसएस पॅटर्न, लहानपणापासून ग्रुप बी पॉझिटिव्ह. आतापर्यंत सात वेळा रक्त लागलं, कधी अडचण आली नाही. यावेळी एचबी ४.९ आलं अन् दम लागून राहिला म्हणून भरती केलं, डॉक्टर म्हणाले दोन बॅगा लागतील. रोवणीचे दिवस असूनही गावातले तीन पोट्टे गाडी करून आले, तिघंही बी पॉझिटिव्ह, तिघांनी रक्त दिलं, अन् संध्याकाळी ब्लड बँकेतला माणूस म्हणते तिन्ही मॅच नाही होत. मी म्हटलं ग्रुप सेम हाय तर मॅच काहून नाही, तर त्यानं मले एक प्लास्टिकचं कार्ड दाखवलं, त्यात बारीक नळ्या होत्या. एका नळीत लाल ठिपका तळाशी बसलेला, म्हणे हा बरोबर, अन् आमच्या तीन नळ्यांत लाल रेघ वरतीच अडकलेली. आता वॉर्डातलं कोणी सांगते ओ निगेटिव्ह आणा, कोणतंही चालते. आमच्या तालुक्यात ओ निगेटिव्ह म्हणजे देव भेटण्यासारखं. तिचा ग्रुपच आधीपासून चुकीचा असन का? मी स्वतः बी पॉझिटिव्ह हाय, माझं चालन का?

रानडुक्कर_७७ · रात्री ११:५२

भाऊ टेन्शन नको घेऊ. ओ निगेटिव्ह म्हणजे युनिव्हर्सल डोनर, त्यावर ए नाही, बी नाही, आरएच पण नाही, मग अंगातलं रक्त भांडणार कोणाशी. फोटो टाक, मी आमच्या रक्तदाता ग्रुपवर फिरवतो.

सातारकर · रात्री ११:५९

हे बॉम्बे ब्लड ग्रुप वाटतंय. त्यांना त्यांच्याच ग्रुपचं सोडून कुठलंच रक्त मॅच होत नाही. आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे यांनी १९५२ मध्ये शोधला होता. लगेच चेक करायला सांगा.

पऱ्हाटी · मंगळवार सकाळी ६:१०

माझ्या बायकोचं असंच झालं होतं. ती बी निगेटिव्ह, पहिलं पोरगं पॉझिटिव्ह, तेव्हा ते अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांत द्यायचं असते ते राहून गेलं, आता दुसऱ्यांदा दिवस गेले, तर डॉक्टर रक्त तपासत राहते. तुमच्या बहिणीलेही इंजेक्शन राहिलं असन.

टेस्टट्यूबवाले_काका · सकाळी ६:४५

मी २६ वर्षं ब्लड बँकेत टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे. मोहफूल, ओ निगेटिव्हसाठी पळापळ सध्या थांबव, कारण माझा अंदाज खरा असेल तर तेच रक्त तिला सगळ्यात आधी नडेल. पण आधी तीन गोष्टी विचारून ये. एक, साध्या ट्यूबमध्ये लगेच फिरवलं तेव्हा मॅच होतं का, की तिथंच गुठळी झाली? दोन, ऑटो कंट्रोल म्हणजे तिच्याच लाल पेशी तिच्याच प्लाझ्मासोबत लावतात, तो काय आला? तीन, मागच्या वेळी रक्त चढवल्यावर आठ-दहा दिवसांत डोळे पिवळे, लघवी काळपट असं काही झालं होतं का? हे तिसरं आईला विचार.

सातारकर, बॉम्बेची आठवण चांगली काढलीत पण ते इथं बसत नाही. बॉम्बेवाल्याकडं ए आणि बी ज्यावर उभे राहतात तो एच पायाच नसतो, म्हणून तो तपासणीत ओ दिसतो. ही पोरगी बी दिसते, म्हणजे पाया आहे. आणि बॉम्बेवालीला आधीच्या सात बॅगा पचल्या नसत्या, पहिल्याच वेळी हाहाकार झाला असता.

पऱ्हाटी, तुमचं प्रकरण वेगळं पण गोत्र एकच आहे. तुमच्या बायकोचं शरीर डी विरुद्ध अँटिबॉडी करतंय का ते आयसीटी टेस्टमध्ये बघतात, ती वेळेवर करत राहा. सविस्तर विचारायचं तर वेगळा धागा काढा.

मोहफूल · सकाळी ९:२०

काका विचारून आलो. साध्या ट्यूबमध्ये मॅच होते म्हणे, कूम्ब्सला लावलं की लागते, ३७ डिग्रीले ठेवून. ऑटो कंट्रोल निगेटिव्ह म्हणजे साफ. अन् तिसरं ऐकून मी चाटच पडलो. मागची बॅग पाच महिने झाले, संक्रांतीच्या टायमाले. घरी आल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी डोळे हळदीवानी पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, कंबर दुखून राहिली. आम्ही समजलो कावीळ झाली, गावात औषध दिलं, मग दवाखान्यात नेलं तर सिकलसेलचा क्रायसिस म्हणाले अन् सलाईन लावली. एचबी जिथं होतं तिथंच परत आलं होतं, बॅग पाण्यात गेली असं आई म्हणे. कोणालेच हे रक्तामुळं असन असं वाटलं नाही.

टेस्टट्यूबवाले_काका · सकाळी ९:५८

आईचं वाक्य अगदी बरोबर आहे, बॅग पाण्यातच गेली होती. आता सगळं जुळवून बघ.

ए आणि बी च्या अँटिबॉडी जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप तयार होतात, कोणाचं रक्त घेतलं नसलं तरी. बी ग्रुपच्या माणसात अँटी-ए असतेच, आणि ती साध्या ट्यूबमध्ये खोलीच्या तापमानालाच गुठळी करते. ग्रुप चुकलेला असता तर तिथंच पकडला गेला असता. तिथं साफ आहे म्हणजे ग्रुप बरोबर आहे. कूम्ब्सला लागतंय म्हणजे दुसऱ्या जातीची अँटिबॉडी आहे, जी पेशीला चिकटते पण एकटीनं गुठळी करू शकत नाही, कूम्ब्सचं रसायन घातल्यावरच दिसते. ऑटो कंट्रोल साफ म्हणजे ती स्वतःच्या पेशींवर उठलेली नाही, परक्या पेशीवरच्या कशावर तरी उठलेली आहे. आणि ही जात फक्त परकं रक्त अंगात गेल्यावर किंवा गरोदरपणात तयार होते. सात बॅगा झाल्यात.

आता परक्या पेशीवरचं काय? आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते फक्त पेशीवरच्या डी नावाच्या खुणेपुरतं. आरएच कुटुंबात आणखी चौघे आहेत, मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई. बॅगेच्या लेबलवर हे चौघे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसतात. आपल्याकडं पुष्कळ लोकांत दोन्हीकडून मोठा सी आलेला असतो, म्हणजे छोटा सी अजिबात नाही. अशा पोरीला छोटा सी वालं रक्त दिलं, तर शरीर म्हणणार हा कोण? म्हणून माझा पहिला संशय छोट्या सी वर. मोठा ई आणि आरएचबाहेरची केल नावाची खूण पण संशयित आहेत, पॅनल म्हणजे खुणा माहीत असलेल्या पेशींवर तिचा प्लाझ्मा लावून बघितल्याशिवाय हे छातीठोक सांगता येत नाही.

आणि रानडुक्कर भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. ओ निगेटिव्हवर ए, बी आणि डी नाहीत, हे खरं. पण आरएच निगेटिव्ह माणसाकडं डी नसला तरी सी आणि ई ची जोडी असतेच, आणि बहुतेक निगेटिव्ह लोकांत तो सी दोन्हीकडून छोटाच असतो. म्हणजे अँटी-छोटा सी असलेल्या पेशंटला ओ निगेटिव्ह शोधून आणणं म्हणजे चोर टाळायला चोराच्याच घरी मुक्काम.

रानडुक्कर_७७ · सकाळी १०:०५

च्यायला, हे कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे मी आजपर्यंत दिलेले सल्ले?

टेस्टट्यूबवाले_काका · सकाळी १०:११

अपघातात, ग्रुप तपासायलाही वेळ नसेल तेव्हा ओ निगेटिव्ह लाल पेशी देतात ते बरोबरच आहे. इथं वेळ आहे आणि अँटिबॉडी दिसतेय, म्हणून हिशोब वेगळा.

मोहफूल · सकाळी १०:३०

मग माझं रक्त चालन का काका? सख्खा भाऊ हाय. मी एएस हाय.

टेस्टट्यूबवाले_काका · सकाळी १०:४१

भावाबहिणीत या चौघांचा मेळ जमण्याचा चान्स जास्त असतो खरा, पण तू वाहक आहेस, आणि सिकलसेलच्या पेशंटला वाहकाचं रक्त सहसा देत नाहीत. शिवाय सख्ख्या नात्याचं रक्त इरॅडिएट न करता, म्हणजे त्यावर किरण न मारता, द्यायचं नसतं. तू रक्त देशील तर ते दुसऱ्या कोणाला जाईल, ते दे. तिच्यासाठी अँटिबॉडी स्क्रीनिंग आणि ओळख करायचा नमुना मोठ्या केंद्रावर पाठवायला सांग, नागपूरला होतं हे. आणि तिच्या स्वतःच्या पेशींवर सी-ई तपासायला सांग. शेवटची बॅग पाच महिन्यांपूर्वीची आहे, म्हणजे आता अंगात परक्या पेशी उरलेल्या नसणार, रिझल्ट भरवशाचा येईल. तीन महिन्यांच्या आत असती तर मिसळ दिसली असती.

आणि तीन पोट्टे फेल गेले म्हणून खचू नको. आपल्याकडं ढोबळमानानं दहातल्या चारेक जणांत छोटा सी नसतो. म्हणजे तीन ओळीनं फेल जाणं पाचातून एकदा घडतंच. आठ-दहा बॅगा लावून बघितल्या तर दोन-तीन निघायला हरकत नाही.

डॉ_पळसफूल · दुपारी २:१५

मी इंटर्नशिप संपवून पीजीची तयारी करतेय. काकांच्या तर्काशी सहमत, फक्त दोन गोष्टी. सिकलसेलचे पेशंट सात-आठ एचबीवर फिरत असतात, त्यामुळे ४.९ आहे म्हणून धावत रक्त द्यायचंच असं नसतं. अशा पेशंटमध्ये मॅच केलेलं रक्त दिल्यावरही कधीकधी पेशी फुटायला लागतात आणि एचबी आधीपेक्षा खाली जातं. दम लागतोय म्हणताय तर तिथले डॉक्टर बघतीलच, पण मागच्या वेळची पिवळ्या डोळ्यांची हकीकत त्यांना आत्ताच्या आत्ता सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. दुसरं, मला वाटतं सिकलसेलच्या प्रत्येकाला पहिल्या बॅगेपासूनच सी, ई आणि केल बघून रक्त द्यायला हवं.

टेस्टट्यूबवाले_काका · दुपारी २:४०

मॅडम, हवं तर आहेच. पण तालुक्याच्या फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्हच्या चार बॅगा, रिएजंट संपलेलं, आणि प्रत्येकासाठी इतकं बारीक तपासत बसलो तर पेशंट तसाच राहील. ज्यांच्यात अँटिबॉडी आली त्यांना आधी धरा असं माझं मत. यावर आमच्या ब्लड बँकेत पण एकमत नव्हतं.

मोहफूल · गुरुवार रात्री ९:०५

अपडेट देतो. पॅनल झालं, अँटी-छोटा सी निघाली. मोठ्या ई ची सोबत हाय का ते पक्कं सांगता नाही आलं म्हणे. तिच्या पेशीवर छोटा सी पण नाही अन् मोठा ई पण नाही, म्हणून दोन्ही नसलेलंच रक्त शोधलं. आठ बॅगा लावल्या, दोन साफ निघाल्या, एक बी पॉझिटिव्ह अन् एक ओ पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह ऐकून आईनं हातच जोडले, वेगळा ग्रुप कसा चालन म्हणे, मग मी काकांचं सांगितलं की ओ वर ए-बी नसते म्हणून बी वाल्याले लाल पेशी चालते. डॉक्टरांनी सध्या बी वाली एकच चढवली, हळूहळू, चार तासांत. आज एचबी ६.२, दम कमी हाय, भात खाल्ला. ओ वाली राखून ठेवली.

टेस्टट्यूबवाले_काका · गुरुवार रात्री ९:२२

बरं वाटलं. मोठ्या ई चं फार मनावर घेऊ नको, छोटा सी नसलेल्या माणसात मोठा ई क्वचितच असतो, मोठा ई बहुतेक वेळा छोट्या सी सोबतच येतो. आता पुढचे दोन आठवडे डोळे आणि लघवी रोज बघायची, आईला सांग. काळपट दिसली तर कावीळ म्हणून घरी थांबायचं नाही. आणि ब्लड बँकेकडून अँटिबॉडीचं लेखी कार्ड घे. काही महिन्यांनी ही अँटिबॉडी इतकी उतरते की टेस्टमध्ये दिसतच नाही, दुसऱ्या गावात कोणी तपासलं तर म्हणेल सगळं साफ आहे, आणि छोटा सी वाली बॅग लावली की दहा दिवसांत परत उसळते. संक्रांतीला तेच झालं असावं, त्यावेळी क्रॉसमॅच साफच आलं असणार.

मोहफूल · गुरुवार रात्री ९:३१

कार्ड मागितलं तर म्हणे छापील नाही, मग लेटरपॅडवर लिहून सही-शिक्का घेतला, उद्या लॅमिनेशन करतो. काका अजून एक, मोठ्या बहिणीलेही एसएस हाय, तिले तीनदाच रक्त लागलं, शेवटचं मागच्या महिन्यात. तिचं सी-ई आत्ता तपासून उपयोग नाही ना मग, थांबावं लागन?

पऱ्हाटी · गुरुवार रात्री १०:१८

तिलेही ते इंजेक्शन देऊन टाका आताच.