छताचा फोटो पाहून गळती कुठली ते सांगाल का? (कोथरूड)

तिसरा_मजला: फोटो जोडलाय, आमच्या बाथरूमचं छत. इमारत 1994 ची, पाच मजली, आम्ही तिसऱ्यावर. चहाच्या कपाखाली उमटतात तशी तपकिरी वलयं आहेत, एकात एक तीन, आणि दाराच्या बाजूला पांढरी खरड. मधूनमधून थेंब पडतात. वरच्या काकू म्हणतात, "दोन वर्षांपूर्वीच नवीन फरशी घातलीय, आमचं नाही." प्लंबर म्हणतो त्यांची गिझरची लाइन गेलीय, टाइल्स फोडा. फोडण्याआधी विचारतेय.

मुठाकाठ: पावसाचं पाणी आहे. टेरेसला वॉटरप्रूफिंग करा.

तिसरा_मजला: अहो, आमच्यावर अजून दोन मजले आहेत. आणि डाग मार्चपासूनचा आहे.

मुठाकाठ: मग डक्टमधला पाइप. आमच्याकडे तोच निघाला.

साइटवाला_काका: डक्टची शंका वाजवी आहे, पण पाइपचा सांधा गळला की आधी डक्टकडची भिंत ओली होते, पोपडे धरते. फोटोत ती कोरडी दिसतेय. डाग त्या भिंतीपासून किती लांब? खोलीचा लांबून एक फोटो टाका. जवळच्या फोटोत डाग दिसतो, जागा कळत नाही.

वलयांबद्दल सांगतो. पाणी पसरतं, वाळतं आणि जिथे थांबतं तिथे कडेला रंग सोडतं. तीन वलयं म्हणजे पाणी येतं-जातं. पाण्याची लाइन फुटली असती तर टाकीचा दाब दिवसरात्र असतो, छत सतत ओलं राहिलं असतं आणि अशा रेघा क्वचितच पडल्या असत्या. म्हणून माझा कल सांडपाण्याकडे. पांढरी खरड मात्र सिमेंटमधल्या क्षारांची. कुठलंही पाणी स्लॅबमधून उतरलं की ती येते, तिच्यावरून काही ठरवू नका.

बावधनी: आमच्याकडे छताजवळच्या पाइपला पावसाळ्यात घाम फुटायचा, आम्ही उगाच वरच्यांशी भांडलो. पाइपला फॉइल गुंडाळून चिकटवा. फॉइल बाहेरून ओली झाली तर घाम, आतून ओली झाली तर गळती.

साइटवाला_काका: बावधनी, उघड्या पाइपला हे बरोबर. इथे पाइप स्लॅबच्या आत आहे.

तिसरा_मजला: लांबचा फोटो टाकला. डक्टच्या भिंतीपासून साधारण पाच फूट. काकूंची नहाणी आमच्या डागापासून दीड फुटावर येते, मोजलं.

साइटवाला_काका: या वयाच्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. पाणी त्यात मुरतं आणि स्लॅबला जिथे वाट मिळेल तिथून पडतं. म्हणून दीड फुटाचं अंतर फारसं काही सांगत नाही. आणि कोबा भिजलेला असला तर वापर बंद करूनही कित्येक दिवस थेंब पडतात. "दोन दिवस गावाला होतो तरी गळत होतं" यावरून पाण्याची लाइन ठरवू नका. बहुतेक तिथेच फसतात.

काकूंना विचारा, नवी फरशी जुनी काढून घातली की जुन्यावरच?

तिसरा_मजला: जुन्यावरच. तोडफोड नको म्हणून.

साइटवाला_काका: मग नहाणी बघा. फरशी वर चढली, पण ट्रॅपचं तोंड खालीच राहिलं. मधली फट नुसत्या सिमेंटने भरतात आणि ती सुटते. चाचणी दोनदा करा. आधी जाळीच्या तोंडाशी बोळा घट्ट बसवून इंचभर पाणी भरा, पातळीला खूण करा, 24 तास थांबा. शेजारी पाणी भरलेली बादली ठेवा, म्हणजे वाफेने किती गेलं ते कळेल. मग बोळा खाली, जुन्या ट्रॅपच्या गळ्यात बसवून पुन्हा तेच. पहिल्यांदा पातळी टिकली आणि दुसऱ्यांदा उतरली तर दोष मधल्या फटीत. दोन्ही वेळा टिकली तर ट्रॅप आणि खालचा पाइप.

गिझरच्या लाइनचं काय ते हातपंपाने दाब देऊन काटा पाहिला की कळतं. प्लंबरला आधी ते करायला सांगा.

मुठाकाठ: आणि खर्च कोणाचा?

साइटवाला_काका: वरच्यांच्या नहाणीचा असेल तर वरच्यांचा. सोसायटीच्या उपविधीतही तसंच आहे. वाद घालायचा तर चाचणीचे फोटो, तारखेसकट.

तिसरा_मजला: (पाच दिवसांनी) काकू तयार झाल्या. पहिल्या दिवशी खूण बादलीइतकीच उतरली. दुसऱ्यांदा निम्मं पाणी गेलं! हातपंपाचा काटा अर्धा तास हलला नाही. फट साफ करून पुन्हा भरली.

तिसरा_मजला: (आणखी नऊ दिवसांनी) अजून थेंब पडतोय, मिनिटाला दोन. आधी सहा होते. काकू म्हणतात, "बघ, आमचं नव्हतंच."

साइटवाला_काका: उतरतायत ना, थांबा. रोज एकाच वेळी मोजा. आकडा तिथेच अडकला तर ट्रॅपखालचा पाइप उघडावा लागेल. तोपर्यंत छताला रंग लावू नका.

बावधनी: मी फॉइलचं म्हणत होते ते राहूनच गेलं.